विरचना आणि विरोधी जोड्या: सोसायटीच्या एका सूचनेच्या आधारे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातील आमच्या वाचनवर्गात विरचनेवरचे सत्र झाले की पुढे बरेच दिवस प्रश्न येत राहतात. विचारणाऱ्यांत एम.ए.चे विद्यार्थी असतात, निवृत्त शिक्षक असतात आणि निव्वळ वाचनाच्या आवडीने येणारेही असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सर्व उत्तरे एकाच छोट्या मजकुरावर आधारलेली आहेत आणि तो मजकूर प्रश्न ३ मध्ये पूर्ण दिला आहे.

१. विरचना म्हणजे नेमके काय? एकदा सरळ भाषेत सांगाल का?

विरचना ही वाचण्याची एक रीत आहे. बहुतेक मजकूर काही विरोधी जोड्यांवर उभे असतात, उदाहरणार्थ आतले आणि बाहेरचे, शुद्ध आणि भेसळ, मूळ आणि नक्कल. अशा जोडीतील एक बाजू मजकूर वरची मानतो आणि दुसरी खालची. विरचना करणारा वाचक त्याच मजकुरातील शब्दांवर बोट ठेवून दाखवतो की वरची बाजू स्वतःच्या बळावर उभी नाही. जिला ती दूर सारते त्या खालच्या बाजूवाचून तिचे चालत नाही, आणि हे अवलंबन मजकुरातच कुठेतरी उघडे पडलेले असते.

ही रीत ज्यांच्या नावाशी जोडली जाते ते जाक देरिदा (१९३०–२००४) हे अल्जीरियात जन्मलेले फ्रेंच तत्त्वज्ञ. १९६७ या एकाच वर्षी त्यांची तीन पुस्तके प्रसिद्ध झाली आणि ही चर्चा तेथून जोमाने सुरू झाली. विरचनेला पद्धत म्हणायला ते स्वतः राजी नव्हते, कारण पद्धत म्हटली की ती कोणत्याही मजकुरावर सारखीच चालवता येते असे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक मजकूर आपल्या वेगळ्या जागी उसवतो आणि ती जागा दर वेळी नव्याने शोधावी लागते. खाली पायऱ्या दिल्या आहेत त्या शिकण्याच्या सोयीसाठी आहेत, एवढे ध्यानात असू द्यावे.

२. विरोधी जोड्यांची कल्पना देरिदांची आहे का?

नाही. स्विस भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर, १९१६ मध्ये, ग्रंथरूपाने आली. भाषेतील शब्दाला अर्थ येतो तो इतर शब्दांपासूनच्या त्याच्या वेगळेपणामुळे, असा त्यांचा सिद्धांत होता. पुढे मानवशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रोस यांनी मिथके आणि चालीरीती निसर्ग आणि संस्कृती, कच्चे आणि शिजवलेले अशा जोड्यांत मांडून दाखवल्या.

देरिदांचे म्हणणे येथून वेगळे होते. जोडीतील दोन बाजू शेजारी-शेजारी शांतपणे बसलेल्या नसतात, त्यांच्यात उतरंड असते, हा त्यांचा पहिला मुद्दा. ती उतरंड मजकूर स्वतः रचतो आणि सांभाळतो, पण ती पूर्णपणे सांभाळणे त्याला जमत नाही, हा दुसरा. म्हणून जोड्यांची यादी करून थांबणाऱ्या वाचनाला संरचनावादी वाचन म्हणता येईल. विरचनेचे काम त्या यादीनंतर सुरू होते.

३. ज्या मजकुरावरून समजावता तो पूर्ण द्याल का?

पुढील सूचना आम्ही वर्गासाठी लिहिली आहे. घोडबंदर रस्त्यावरील कोणत्याही गृहसंकुलाच्या सूचनाफलकावर ती शोभेल, पण ती कोणत्याही एका सोसायटीची नाही. संदर्भ देणे सोपे जावे म्हणून वाक्यांना क्रमांक घातले आहेत.

"(१) आपल्या सोसायटीचे घरगुती वातावरण आणि सुरक्षितता टिकून राहावी म्हणून बाहेरच्या व्यक्तींना प्रवेशद्वारावरील वहीत नोंद केल्याशिवाय आत सोडले जाणार नाही. (२) घरकामासाठी येणाऱ्या बायका, ड्रायव्हर आणि डिलिव्हरी बॉय यांनी फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरावी. (३) भाडेकरूंनी आपली माहिती सोसायटीच्या ऑफिसात जमा करावी. (४) आपले सुरक्षारक्षक चोवीस तास दक्ष असतात, त्यांना सर्व सभासदांनी सहकार्य करावे. (५) ओळखपत्र जवळ नसलेल्या सभासदांनाही विचारणा होऊ शकते. (६) सोसायटी हे आपले एक कुटुंब आहे. — आदेशावरून, सचिव."

कवितेऐवजी सूचना निवडण्याचे कारण असे की कवितेत शब्द दुहेरी अर्थाने वापरले आहेत असे म्हटले तर कोणालाच नवल वाटत नाही. सूचनेचा मात्र एकच अर्थ असावा अशी तिच्या लेखकाची आणि वाचकाची दोघांचीही इच्छा असते. अशा मजकुरातही जोडी निसटते हे दिसले म्हणजे विरचना केवळ साहित्यिक अलंकारांबद्दल बोलत नाही, हे स्पष्ट होते.

४. जोड्या शोधायच्या कशा? मला एकच दिसते.

एक दिसली तरी सुरुवातीला पुरेशी आहे. येथे मुख्य जोडी आतले आणि बाहेरचे ही आहे, आणि 'बाहेरच्या', 'आत' हे दोन्ही शब्द पहिल्याच वाक्यात आले आहेत. आता तिच्या आधाराने उभ्या असलेल्या जोड्या पाहाव्यात. सूचनेत 'सभासद' आहेत आणि त्यांच्यासमोर नुसत्या 'व्यक्ती' आहेत. 'कुटुंब' आहे, त्यामुळे न लिहिताच परके आले. 'सुरक्षितता' आहे, म्हणून धोकाही आहे, मात्र धोका हा शब्द कुठेच नाही. जोडीचा दुसरा अर्धा भाग असा पुष्कळदा अध्याहृत असतो. म्हणून वाचताना प्रत्येक ठळक शब्दाला विचारावे की तुला अर्थ येण्यासाठी कोणता शब्द बाहेर ठेवावा लागला.

पण सापडलेली प्रत्येक जोडी ओढून ताणून चालवू नये. 'चोवीस तास' यात दिवस आणि रात्र आहेत खरे, पण सूचनेचे काहीच त्या जोडीवर अवलंबून नाही.

५. सूचनेत कोणाला वाईट म्हटलेले नाही. मग उतरंड आहे असे कशावरून म्हणता?

हा प्रश्न योग्य आहे, कारण उतरंड क्वचितच विशेषणांत सापडते. ती व्याकरणात सापडते. सूचनेतील 'आपले' हा शब्द नीट पाहावा. वाक्य १, ४ आणि ६ यांत 'आपले' म्हणजे आपल्या सगळ्यांचे: सोसायटी आपली, रक्षक आपले, कुटुंब आपले. वाक्य ३ मध्ये 'भाडेकरूंनी आपली माहिती' असे आहे आणि तेथे 'आपली' म्हणजे ज्याची त्याची, स्वतःची. तोच शब्द तीन ठिकाणी वाचणाऱ्याला पोटात घेतो आणि चौथ्या ठिकाणी भाडेकरूला त्याच्यापाशीच सोडून देतो. भाडेकरू दहाव्या मजल्यावर झोपत असला, तरी या वाक्यात तो 'आपण'मध्ये नाही.

क्रियापदेही अशीच बोलतात. सभासदांनी 'सहकार्य करावे', म्हणजे त्यांच्याकडे विनंती आहे. बाहेरच्यांना 'सोडले जाणार नाही', म्हणजे त्यांच्याशी सूचना थेट बोलतच नाही, त्यांच्याविषयी बोलते. या कर्मणी रचनेत अडवणारा कोण तेही लपून जाते. घरकाम करणाऱ्या बायकांनी लिफ्ट कोणती वापरावी हे सांगितले आहे, पण त्या ही सूचना वाचतील असे गृहीत धरलेले नाही, कारण ती सभासदांच्या फलकावर लावलेली आहे. अपमानाचा एकही शब्द न वापरता वर कोण आणि खाली कोण हे येथे ठरलेले आहे.

६. मग ही सूचना नेमकी कुठे उसवते?

वर्गात सर्वांत जास्त वेळ याच प्रश्नावर जातो, आणि जावा. तीन जागा दाखवता येतात.

पहिली जागा 'घर' या शब्दाची. वाक्य १ म्हणते की 'घरगुती वातावरण' टिकावे म्हणून बाहेरच्यांना आवरले पाहिजे. वाक्य २ मध्ये 'घरकामासाठी येणाऱ्या बायका' या आवरायच्या लोकांत गणल्या आहेत. म्हणजे आतल्याचे सर्वांत आतले जे घर, त्याचा केर, भांडी आणि स्वयंपाक बाहेरच्या हातांनी होतो, त्या हातांवाचून ते घरगुती राहत नाही, आणि तरीही ते घरगुती राहावे म्हणून त्या हातांना वेगळ्या लिफ्टने पाठवायचे आहे. हा विरोध वाचकाने बाहेरून आणलेला नाही, कारण 'घर' हा शब्द सूचनेनेच लागोपाठच्या दोन वाक्यांत रेषेच्या दोन्ही बाजूंना ठेवला आहे.

दुसरी जागा 'आपले सुरक्षारक्षक' ही. रक्षक एखाद्या एजन्सीकडून येतो, तो सभासद नाही, तो इमारतीत राहत नाही, आणि सूचनेच्या स्वतःच्या व्याख्येने पाहिले तर तोही बाहेरची व्यक्ती आहे. तरी बाहेरच्यांना बाहेर ठेवण्याचे काम सूचना एका बाहेरच्याच माणसावर सोपवते आणि त्यासाठी त्याला 'आपले' म्हणते. तो उभाही धड आत नसतो किंवा धड बाहेर नसतो, तो फाटकावर असतो. सर्व विभागणी ज्याच्यामुळे चालते तोच त्या विभागणीत कुठल्याही बाजूला बसत नाही. विरचनेत अशा शब्दांना फार महत्त्व असते. प्लेटोच्या एका संवादात लेखनासाठी वापरलेला एक ग्रीक शब्द औषध आणि विष दोन्ही अर्थांचा आहे, आणि त्याला कोणत्याही एका बाजूला टाकता येत नाही हे दाखवून देरिदांनी त्या संवादाचे प्रसिद्ध वाचन केले, ते याच धर्तीचे आहे.

तिसरी जागा वाक्य ५ मधील 'सभासदांनाही' या शब्दातला शेवटचा 'ही'. ओळखपत्र विसरलेल्या सभासदाला त्याच्याच फाटकावर विचारणा होईल. म्हणजे आतला असणे हा त्याच्या अंगचा गुण नाही, ते दर वेळी फाटकावर सिद्ध करावे लागते. सूचनेला हे सांगावे लागलेच, नाहीतर कोणीही 'मी सभासद आहे' म्हणून आत गेला असता. पण ते सांगताक्षणी सभासद आणि व्यक्ती यांच्यातील भेद पक्का राहत नाही, कारण फाटकापाशी दोघेही आधी अनोळखीच असतात.

७. भाडेकरू आतला की बाहेरचा? याचे एक उत्तर मिळत नाही.

मिळणारही नाही, आणि त्यातूनच सूचनेची अडचण कळते. भाडेकरू तेथे राहतो, मेंटेनन्सचा भार भाड्यातून अनेकदा तोच सोसतो, त्याची मुले संकुलाच्या बागेत खेळतात. तरी वाक्य ३ त्याला सभासद आणि बाहेरची व्यक्ती यांच्या अधेमधे एका वेगळ्या वाक्यात ठेवते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्येही 'नाममात्र सभासद' असा एक प्रकार आहे आणि त्याला मतदानाचा अधिकार नाही. कायद्याने मधली पायरी घातली यावरून इतकेच दिसते की दोनच खाने पुरले नाहीत.

येथे एक चूक टाळावी. 'भाडेकरू दोन्ही आहे' किंवा 'तो मधला आहे' असे म्हणून समाधान मानले तर आपण फक्त तिसरा खाना तयार करतो आणि पहिले दोन खाने जसेच्या तसे राहतात. भाडेकरूमुळे आतला या शब्दाचाच अर्थ डळमळतो, कारण आत राहणे आणि आतला असणे या दोन गोष्टी एकच आहेत असे सूचना धरून चालली होती.

८. आमच्या ग्रुपवर एका भाडेकरूने लिहिले, 'खरे आतले आम्हीच, मालक तर परदेशात राहतात.' ही विरचना झाली का?

ही तिची अर्धी वाट झाली. देरिदांनी दोन हालचाली सांगितल्या आहेत. आधी उतरंड उलटायची, म्हणजे जे खाली ढकलले होते ते वरच्याला कसे आवश्यक आहे ते दाखवायचे. ही पायरी गाळून एकदम 'सगळे सारखेच' म्हटले तर चालू उतरंड सुखाने चालूच राहते, म्हणून ती गाळू नये. पण उलटून थांबले तर जुनीच जोडी नव्या मालकाच्या ताब्यात जाते. त्या भाडेकरूच्या वाक्यात 'खरे आतले' हा मान तसाच आहे, तो फक्त दुसऱ्याला मिळाला. आता परदेशातला मालक बाहेरचा झाला, आणि घरकाम करणाऱ्या बाईंची जागा तर जराही बदलली नाही.

दुसरी हालचाल अशी की ही जोडी ज्याच्यामुळे तयार होते त्याच्याकडे वळायचे. आतला खरा कोण, हा प्रश्न सोडून आतला हा दर्जा येथे कशाने तयार होतो, असे विचारायचे. या सूचनेत त्याचे उत्तर वहीत आहे, आणि ते पुढील प्रश्नात येते.

९. देरिदा बोलणे आणि लिहिणे यांविषयी इतके का लिहितात? सूचनेचा त्याच्याशी काय संबंध?

फार जवळचा संबंध आहे. पाश्चात्त्य परंपरेत बोलणे अस्सल आणि लिहिणे दुय्यम मानले गेले, कारण बोलताना माणूस समोर असतो, तर लिहिलेले माणसामागे उरते. जिनिव्हात जन्मलेले, फ्रेंचमध्ये लिहिणारे विचारवंत रूसो यांनी लेखनाला बोलण्याची पुरवणी मानले. देरिदांनी विचारले की बोलणे जर स्वतःत पूर्ण होते, तर त्याला पुरवणी लागली कशी? पुरवणी लागते याचाच अर्थ मुळात काही उणे होते.

आता सूचना पाहावी. वाक्य ६ म्हणते, आपण कुटुंब आहोत. कुटुंबात माणसे एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात, तेथे वही लागत नाही. वाक्य १ मध्ये वही येते ती केवळ बाहेरच्यांसाठी, म्हणजे ओळखीला जोडलेली एक साधी पुरवणी म्हणून. वाक्य ३ मध्ये तीच नोंद भाडेकरूंपर्यंत पोहोचते आणि वाक्य ५ मध्ये ओळखपत्राच्या रूपाने ती थेट सभासदांना गाठते. पुरवणी म्हणून आलेले लिखित सहा वाक्यांच्या आत सर्वांचा आधार बनते. शेवटी कुटुंब असल्याची घोषणादेखील लिहूनच करावी लागते आणि तिच्याखाली 'आदेशावरून' असे येते. येथे आतला तो, ज्याचे नाव योग्य कागदावर आहे. चेहऱ्याची ओळख आधी आणि नोंद नंतर, असा जो क्रम सूचनेने मांडला होता, तो तिच्याच वाक्यांनी फिरतो.

१०. पण पूर्वी नौपाड्यातल्या वाड्यांत, चाळींत वही नव्हतीच. तेव्हा तरी सगळे एक कुटुंबच होते ना?

हा प्रश्न बहुधा ज्येष्ठ वाचक विचारतात आणि त्यामागची भावना खरी आहे. वाड्यात दारे दिवसभर उघडी असत, हे खोटे नाही. मात्र 'वही येण्यापूर्वी भेद नव्हता' या विधानाची एक प्रसिद्ध परीक्षा देरिदांनी केली आहे आणि ती येथे उपयोगी पडते.

लेव्ही-स्ट्रोस यांनी ब्राझीलमधील नांबिक्वारा लोकांविषयी लिहिताना असा सूर लावला की लिपी नसलेला हा समाज निष्पाप होता आणि लेखनासोबत त्यात सत्ता आणि फसवणूक शिरली. देरिदांनी त्यांच्याच वृत्तांतातील एक प्रसंग पुढे ठेवला. त्या लोकांत व्यक्तीचे नाव उच्चारण्यास मनाई होती. दोन मुलींचे भांडण झाले आणि त्यांनी सूड म्हणून एकमेकींची नावे या पाहुण्या अभ्यासकाच्या कानात सांगितली. म्हणजे लिपी नसतानाही नावे ठेवणे, ती लपवणे, कोणी कोणाला काय म्हणावे याचे नियम आणि त्यांचा भंग हे सारे तेथे होते. लेखनाला ज्यासाठी दोष दिला, ते लेखनाच्या आधीपासून चालू होते.

वाड्यातही फाटकावर वही नव्हती, पण अनोळखी माणूस बोळात शिरला की 'कोणाकडे?' हा प्रश्न पहिल्याच खिडकीतून येई. कोणाच्या पाण्याला कोणी हात लावावा, कोणाची पंगत वेगळी, कोणाला बिऱ्हाड द्यायचे नाही, हे न लिहिता सर्वांना ठाऊक असे. ती नोंद माणसांच्या मनात होती, इतकाच फरक. जुने चांगले आणि नवे वाईट ही जोडीसुद्धा म्हणूनच वाचून पाहण्यासारखी आहे.

११. म्हणजे कोणत्याही मजकुरातून कोणताही अर्थ काढता येतो, असेच ना?

नाही, उलट विरचनेत वाचकाला फार थोडी मोकळीक असते, कारण प्रत्येक पाऊल मजकुरातील शब्दावर टाकावे लागते. वाचन पक्के आहे की मनचे, हे ओळखण्यासाठी आम्ही वर्गात एक चाचणी वापरतो. ज्या शब्दावर आपले वाचन उभे आहे तो शब्द बदलून पाहावा. वाक्य ४ मध्ये 'आपले सुरक्षारक्षक' याऐवजी 'एजन्सीचे सुरक्षारक्षक' असे लिहिले, तर प्रश्न ६ मधील दुसरा मुद्दा बराच लंगडा पडतो. रक्षक रेषेवर उभा राहील, पण सूचनेने त्याला आत ओढल्याचा पुरावा जाईल. वाक्य ५ गाळले तर तिसरा मुद्दा पूर्ण जातो. शब्द बदलल्यावर ज्या वाचनाचे काहीतरी बिघडते ते त्या मजकुराचे वाचन असते.

याउलट एका सत्रात कोणीतरी असे मांडले की या सूचनेतील 'दक्ष' या शब्दात लष्करी राजवटीची चाहूल आहे. तो शब्द काढून 'हजर' घातला तरी ते म्हणणे तितकेच चालू राहत होते, कारण ते सूचनेतून आलेले नव्हतेच. वर्गाने ते सोडून दिले.

१२. हा सचिवांचा दांभिकपणा उघड करण्याचा प्रकार आहे का?

अजिबात नाही. दांभिक माणूस मनात एक ठेवून दुसरे बोलतो. येथे सचिव जे बोलतात ते त्यांना मनापासून म्हणायचे आहे असेच धरून वाचायचे असते. अत्यंत प्रामाणिक माणसाने लिहिले तरी 'घरगुती' आणि 'घरकाम' यांचा हा तिढा पडेलच, कारण तो आपण आत आणि बाहेर यांविषयी जसे बोलतो त्या बोलण्यातच आहे.

१३. 'मजकुराबाहेर काहीच नाही' हे देरिदांचे वाक्य आहे ना? मग फाटकावर उभा असलेला खरा माणूस कुठे गेला?

वाक्य त्यांचे आहे, पण जग खोटे आहे असा त्याचा अर्थ नाही. आपण गोष्टींपर्यंत नोंदी, नावे, भेद आणि संदर्भ यांतूनच पोहोचतो, ज्याला असा कोणताही संदर्भ नाही असे काही आपल्या हाती लागत नाही, असा त्याचा रोख आहे. फाटकावरच्या माणसाचे पाय खरोखर दुखतात. पण तो 'रक्षक' आहे, 'व्हिजिटर' आहे की 'सभासद', हे वही, गणवेश आणि ओळखपत्र ठरवतात, आणि त्याला बसायला खुर्ची मिळते की नाही हे त्या ठरवण्यावर अवलंबून असते. मजकूर हा शब्द देरिदा अशा व्यापक अर्थाने घेतात.

१४. प्रत्येक मजकुराची विरचना करता येते का?

करता येते असे म्हणणे सोपे आहे, पण दर वेळी त्यातून काही हाती लागेलच असे नाही. लिफ्टमध्ये '८ व्यक्ती, ५४४ किलो' अशी पाटी असते. तिच्यात भार आणि अतिभार ही जोडी आहे, पण एक बाजू श्रेष्ठ ठरवण्यासाठी पाटीला काही लपवावे किंवा जोडावे लागत नाही, त्यामुळे तेथे वाचण्यासारखे फारसे नाही. तिच्या शेजारच्या 'सर्व्हिस लिफ्ट' या दोन शब्दांत मात्र पुष्कळ आहे.

१५. मी स्वतः एका सोसायटीचा सचिव आहे. हे सर्व पटले तर सूचना लिहायचीच नाही का? फाटक उघडे ठेवायचे का?

असा निष्कर्ष निघत नाही. देरिदांनी १९९० च्या दशकात आतिथ्यावर व्याख्याने दिली आणि त्यांत हाच पेच मांडला. आलेल्याला नावही न विचारता घरात घेणे हे बिनशर्त आतिथ्य. पण पाहुणचार करायचा तर आपले घर हवे, घराला उंबरठा हवा, आणि उंबरठा आला की कोणाला घ्यायचे हा प्रश्न आला. दोन्ही बाजू एकमेकींना सोडू शकत नाहीत. म्हणून त्यांनी शर्ती रद्द करा असे म्हटले नाही. शर्ती घालणे भागच आहे, पण बिनशर्त आतिथ्याची मागणी त्या शर्तींवर सतत दाब ठेवते आणि त्या सैल करायला लावते, असे त्यांचे म्हणणे होते.

आपल्या कामापुरते बोलायचे तर सूचना अवश्य लिहावी, फक्त ती कोणाला 'आपण'मध्ये घेते हे लिहिताना पाहावे. वर्गातील एका गटाने ती अशी बदलली: "येथे राहणाऱ्या आणि येथे काम करणाऱ्या सर्वांच्या सुरक्षिततेसाठी फाटकावर प्रत्येकाची नोंद होईल. पाहुण्यांना रक्षक वाट दाखवतील. सामान नेताना मोठी लिफ्ट वापरावी." यात भाडेकरू आणि मालक 'राहणाऱ्या' या एकाच शब्दात आले, काम करणारे सुरक्षिततेचे धनी झाले आणि लिफ्टचा नियम माणसाऐवजी सामानाला लागला. हे बदल लहान नाहीत.

तरी या मजकुरातही नवी जोडी आहेच: येथले आणि पाहुणे. दुसऱ्याच आठवड्यात वर्गातील एका बाईंनी विचारले की त्यांच्या इमारतीतल्या एका वृद्ध जोडप्याची मुलगी ऐरोलीला राहते, रोज संध्याकाळी येते, रात्री उशिरापर्यंत आईचे सगळे करते आणि मग घरी जाते. ती राहणारी नाही, तिला कामाचा पगार नाही आणि पाहुणी म्हटलेले तिला लागेल. तिची नोंद वहीच्या कोणत्या रकान्यात करायची?